मांजराचा रक्तदाब उलटा का फिरला?

१९०४ साल. दक्षिण लंडनमधल्या हर्न हिल भागातल्या एका प्रयोगशाळेत तिशीला टेकलेला एक डॉक्टर दिवसभर एका मांजरावर प्रयोग करत होता. संध्याकाळ होत आली तेव्हा त्याच्यासमोर कारखान्यातून आलेला एक नमुना तपासायचा राहिला होता. नमुना होता प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींपासून केलेल्या अर्काचा. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या असतात. त्यांच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन पाझरते. हे तेव्हा नुकतेच कळले होते आणि शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी डॉक्टर ते वापरू लागले होते. अर्क चांगला की वाईट हे ठरवायची रीत सोपी होती: मांजराच्या शिरेत टोचायचा आणि रक्तदाब किती चढतो ते पाहायचे. धमनीला जोडलेल्या नळीतला पारा वरखाली होई, त्यावर तरंगणारी लेखणी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढी, आणि ती रेघ वर गेली की माल चोख.

त्या संध्याकाळी रेघ खाली गेली.

डॉक्टरने नमुना निकामी असल्याचा शेरा मारून पाठवला. पुढच्या आठवड्यात कारखान्याकडून तशाच अर्काचा नमुना आला, त्याने तो तसाच दिवसाच्या शेवटी टोचला, आणि रेघ पुन्हा खाली गेली. आता मात्र तो थांबला. दोन्ही वेळा मांजर नवीन नव्हते. दिवसभर त्याच मांजराला त्याने दुसरेच एक औषध दिलेले होते. दोष अर्कात नव्हता, मांजरात होता.

या डॉक्टरचे नाव हेन्री डेल. माझ्या पिढीतल्या डॉक्टरांना हे नाव एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात भेटले. औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका टेबलावर कुत्र्याच्या रक्तदाबाचा काजळीवर काढलेला आलेख ठेवलेला असे. आधी चढ, मग मधे एक बाण, मग उतार. परीक्षक विचारत, हे काय? आम्ही एका दमात सांगत, डेलचे व्हॅसोमोटर रिव्हर्सल. दोन गुण मिळत आणि आम्ही पुढच्या टेबलाकडे जात. त्या उतारात किती मोठी गोष्ट दडलेली आहे, हे मात्र वॉर्डात गेल्यावरच उमगते.

डेल यांचा जन्म ९ जून १८७५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील चिनी मातीच्या भांड्यांच्या व्यवसायात होते, घरात कोणी वैज्ञानिक नव्हते. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात त्यांना गॅस्केल आणि लँग्ली हे दोन गुरू लाभले, आणि दोघेही स्वायत्त मज्जासंस्थेवर काम करणारे. आपल्या इच्छेविना हृदय, आतडी, रक्तवाहिन्या चालवणाऱ्या नसांचा हा पसारा. पुढे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण, मग लंडनमध्ये स्टार्लिंग यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी, आणि काही महिने फ्रँकफर्टला पॉल एर्लिश यांच्याकडे. इतक्या थोरामोठ्यांच्या हाताखाली राहून हा तरुण विद्यापीठातच नोकरी धरणार, असे सर्वांना वाटत होते. त्याने धरली ती वेलकम या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली. मित्रांनी परोपरीने समजावले. औषधांच्या दुकानदाराकडे नोकरी करणे त्या काळी शास्त्रज्ञाला शोभणारे मानले जात नसे. पण डेल यांना लग्न करायचे होते, पगार बरा होता आणि संशोधनाला मोकळीक होती. १९०४ मध्ये त्यांनी लग्नही केले.

मालक हेन्री वेलकम यांनी त्यांना सुचवले, वेळ मिळेल तेव्हा अरगटकडे जरा पाहा. अरगट ही राय नावाच्या धान्याच्या कणसावर वाढणारी बुरशी. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर असाच रोग पडतो, शेतकरी त्यालाही अरगटच म्हणतात, ती बुरशी त्याच कुळातली पण वेगळी. राईवरच्या अरगटने गर्भाशय आकुंचन पावते हे युरोपातल्या सुइणींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. आजही आमच्या प्रसूतिकक्षात बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला जे मेथर्जिन टोचतात, ते याच घराण्यातले. त्या अर्कात नेमके काय काय आहे याचा गुंता मात्र कोणालाच सुटलेला नव्हता. डेल यांना या कामात फारसा रस नव्हता, पण मालकाचा शब्द म्हणून त्यांनी ते हाती घेतले. त्या दोन्ही मांजरांच्या अंगात दिवसभर गेले होते ते हेच अरगट.

आता त्या उताराचा अर्थ पाहू. १९०६ मध्ये डेल यांनी तो जितका सांगितला, तितका आधी. अरगट दिल्यावर अ‍ॅड्रिनॅलिनचे सगळेच परिणाम नाहीसे होत नाहीत. रक्तवाहिन्या आवळणे, गर्भाशय आकुंचन पावणे असे ‘आवळणारे’ परिणाम तेवढे थांबतात. ‘सैल सोडणारे’ परिणाम तसेच राहतात, आणि हृदयाचे जोराने धडधडणेही राहते. म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन मुळातच दोन परस्परविरोधी कामे एकाच वेळी करते. त्वचेतल्या, आतड्यांतल्या, मूत्रपिंडांतल्या रक्तवाहिन्या ते आवळते, स्नायूंतल्या रक्तवाहिन्या मात्र ते रुंद करते. मोठ्या मात्रेत आवळणे जिंकते म्हणून दाब चढतो, आणि रुंद होणे त्याच्याखाली झाकले जाते. अरगटने आवळण्याची वाट बुजवली, की झाकलेले उघडे पडते आणि दाब घसरतो.

एकाच रसायनाने एका ठिकाणी आवळावे आणि दुसऱ्या ठिकाणी सोडावे, हे कसे? आज आपण सांगतो की पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक आकाराची प्रथिने असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अ‍ॅड्रिनॅलिन त्यांना चिकटते, पण पुढे काय घडायचे ते प्रथिन ठरवते, अ‍ॅड्रिनॅलिन नव्हे. त्वचेच्या रक्तवाहिनीवर अल्फा रिसेप्टर असतात, ते वाहिनी आवळतात. हृदयावर बीटा-१ असतात, ते ठोके वाढवतात आणि प्रत्येक ठोक्याचा जोर वाढवतात. स्नायूंच्या रक्तवाहिन्यांवर आणि श्वासनलिकांवर बीटा-२ असतात, ते त्यांना सैल सोडतात. यकृतावरचे बीटा-२ साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर करून रक्तात सोडतात. हे सगळे एकाच क्षणी चालते, आणि वाघ मागे लागल्यावर पळायला हे सगळेच लागते: पायांना रक्त, श्वासाला वाट, इंधनाला साखर.

हा उतार प्रयोगशाळेपुरता नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे छत्तीस वर्षांच्या एक बाई दाखल झाल्या. दीड-दोन वर्षे त्यांना अधूनमधून झटके येत. अचानक डोके ठणकायचे, अंगाला दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, चेहरा पांढराफटक पडायचा, आणि पंधरावीस मिनिटांत सगळे ओसरायचे. घरच्यांना ती भीती वाटे, शेजाऱ्यांना बाहेरची बाधा. धडधडीसाठी बाहेर कोणीतरी त्यांना प्रोप्रानोलॉल सुरू केले होते. ही गोळी बीटा रिसेप्टर बंद करते, घबराट आणि धडधडीला ती एरवी चांगलीच लागू पडते. या बाईंना मात्र गोळी सुरू झाल्यावर झटके अधिक जोरात येऊ लागले. आमच्याकडे आल्या तेव्हा वरचा दाब २३० आणि खालचा १३० होता. उपाशीपोटी रक्तातली साखर १९० होती, आणि घरात मधुमेह कोणालाच नव्हता.

डेल यांच्या मांजराचा आलेख उलटा धरा, म्हणजे या बाईंचे चित्र दिसते. मांजरात अल्फा बंद होते आणि बीटा उघडे, म्हणून दाब पडला. इथे गोळीने बीटा बंद केले होते आणि अल्फा सताड उघडे, म्हणून दाब चढला. स्नायूंच्या रक्तवाहिन्या रुंद करणारा बीटा-२ हा एकमेव दिलासा गोळीने काढून घेतला होता, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलायचे हृदयाचे बळही कमी केले होते. पण त्यासाठी अंगात अ‍ॅड्रिनॅलिनचा पूर हवा. तो कुठून येत होता? चोवीस तासांची लघवी तपासली तेव्हा या रसायनांचे अवशेष, म्हणजे मेटानेफ्रिन, कित्येक पटींनी वाढलेले सापडले. सीटी स्कॅनमध्ये उजव्या अधिवृक्क ग्रंथीत चार सेंटिमीटरची गाठ दिसली. तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ती फार क्वचित सापडते, पण सापडली की रोग मुळासकट जाण्याची शक्यता असते, म्हणून डोकेदुखी, घाम आणि धडधड हे त्रिकूट झटक्याने येत असेल तर डॉक्टरने तिची आठवण ठेवावी.

उपचाराचा क्रम हेच इथले सगळे शास्त्र आहे. प्रथम अल्फा बंद करायचे. आम्ही प्राझोसिन दिले, अगदी कमी मात्रेत, रात्री, झोपूनच, कारण पहिल्या गोळीने दाब एकदम पडून माणूस उठताना कोसळू शकतो. दोन आठवडे मात्रा हळूहळू वाढवली. बरोबर मीठ आणि पाणी भरपूर घ्यायला सांगितले. उच्च रक्तदाबाच्या बाईला डॉक्टरच मीठ खा म्हणतात हे पाहून त्यांच्या सासूबाई चकित झाल्या होत्या. पण महिनोन्‌महिने आवळलेल्या वाहिन्यांत रक्ताचे आकारमानच घटलेले असते, वाहिन्या सैल केल्यावर ती जागा भरायला पाणी लागते. मात्रा पुरेशी झाली हे कसे ओळखायचे? आडवे असताना दाब जवळपास ताळ्यावर येतो, उभे राहिल्यावर थोडा पडतो, आणि नाक चोंदते. नाकातल्या वाहिन्याही अल्फानेच आवळलेल्या असतात, त्या सुटल्या की नाक बंद होते. नाक चोंदल्याची तक्रार ऐकून डॉक्टर खूश होतो, असा हा एक प्रसंग. त्यानंतरच, हृदयाचे ठोके वाढलेलेच होते म्हणून, प्रोप्रानोलॉल पुन्हा दिले. तीच गोळी, तीच बाई, फक्त क्रम बदलला, आणि या वेळी ती लागू पडली.

शस्त्रक्रियेत गाठीची शीर बांधली तसा दाब घसरू लागला, कारण पुराचा उगमच बंद झाला होता. भूलतज्ज्ञांनी सलाइन जोरात सोडले आणि काही तास नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचे ठिबक लावले. ज्याच्यामुळे रोग होता, तेच औषध म्हणून. साखरेवरही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागले. गाठीतल्या रसायनांनी यकृताला साखर सोडायला लावली होती, आणि स्वादुपिंडावरच्या अल्फा-२ रिसेप्टरमार्फत इन्शुलिन दाबून ठेवले होते. गाठ निघताच दाबलेले इन्शुलिन एकदम सुटते आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ती टळली. दहाव्या दिवशी बाई घरी गेल्या, तेव्हा साखर ९२ होती आणि त्या मधुमेहाची एकही गोळी घेत नव्हत्या.

पुन्हा डेल यांच्याकडे वळू. १९०६ चा तो शोधनिबंध छापायला देताना एक वेगळाच वाद उद्भवला. अ‍ॅड्रिनॅलिनचे शुद्ध स्फटिक १९०१ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत मिळवले होते, आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. प्रतिस्पर्ध्याच्या मालाचे नाव आपल्या प्रयोगशाळेच्या निबंधात नको, असे वेलकमच्या मंडळींचे म्हणणे. इंग्लंडातले सगळे शरीरशास्त्रज्ञ हाच शब्द वापरतात, मीही तोच वापरणार, असे डेल यांचे म्हणणे. नोकरीत नवीन, पण ते हटले नाहीत आणि मालकाने माघार घेतली. आजही ब्रिटन आणि भारतातले डॉक्टर अ‍ॅड्रिनॅलिन म्हणतात, अमेरिकेतले एपिनेफ्रिन. परदेशातून आलेल्या इंजेक्शनवर दुसरे नाव पाहून गोंधळलेल्या नव्या परिचारिकांना हे समजावून सांगावे लागते.

१९१० मध्ये डेल आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी जॉर्ज बार्जर यांनी एक मोठे काम केले. अ‍ॅड्रिनॅलिनशी रचनेत साम्य असलेली बरीच रसायने घेऊन त्यांनी एकेकाचा परिणाम तपासला. सिंपथेटिक नसांना विजेने उत्तेजित केल्यावर जे घडते, त्याच्याशी यातले कोणते रसायन सर्वांत जुळते? अपेक्षा अशी की अ‍ॅड्रिनॅलिन. डेल यांचे मित्र एलियट यांनी १९०४ मध्येच सुचवले होते की या नसांच्या टोकांतून अ‍ॅड्रिनॅलिनच बाहेर पडत असावे. पण मोजमाप वेगळेच सांगत होते. अ‍ॅड्रिनॅलिनचे सैल सोडणारे परिणाम नसेपेक्षा फार जास्त होते. त्याच्यापेक्षा बरे जुळत होते ते एक मिथाइल गट कमी असलेले भावंड, आज आपण ज्याला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन म्हणतो ते.

या दोन भावंडांत फरक एवढासाच: कार्बनचा एक अणू आणि त्याला चिकटलेले हायड्रोजन. पण माणसाच्या शिरेत मिनिटाला दहा मायक्रोग्रॅम या वेगाने दोन्ही सोडून पाहिले, तर चित्र साफ वेगळे दिसते. अ‍ॅड्रिनॅलिनने नाडी वाढते, वरचा दाब चढतो, खालचा उतरतो, कारण बीटा-२ स्नायूंच्या वाहिन्या रुंद करतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला बीटा-२ जवळजवळ ओळखतच नाही, म्हणून सगळीकडे आवळणेच उरते. वरचा दाब चढतो, खालचाही चढतो, आणि नाडी मात्र मंदावते. हृदयावर ते उत्तेजकच आहे, पण चढलेला दाब मानेतल्या धमनीतल्या संवेदकांना कळतो आणि मेंदू हृदयाला लगाम घालतो. अतिदक्षता विभागात जंतुसंसर्गाने रक्तवाहिन्या ढिल्या पडून दाब कोसळलेल्या रुग्णाला आम्ही नॉरअ‍ॅड्रिनॅलिन देतो, ते यासाठीच: वाहिन्या आवळायच्या असतात, हृदयाला विनाकारण पळवायचे नसते. उलट मधमाशी चावून किंवा इंजेक्शनची तीव्र अ‍ॅलर्जी येऊन घसा सुजतो, श्वास कोंडतो आणि दाब पडतो, तेव्हा मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिनच द्यावे लागते. वाहिन्या आवळायला अल्फा हवा, तसा श्वासनलिका उघडायला बीटा-२ ही हवा, आणि ते नॉरअ‍ॅड्रिनॅलिनकडे नाही. योगायोग असा की याच अरगटच्या कामातून डेल यांच्या हाती हिस्टॅमिन लागले, आणि ते टोचलेल्या प्राण्याची अवस्था तीव्र अ‍ॅलर्जीसारखी होते हे त्यांनीच दाखवले.

नसांच्या टोकांतून खरे तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बाहेर पडते, हा निष्कर्ष १९१० मध्ये डेल यांच्या टेबलावर पडून होता. त्यांनी तो उचलला नाही. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे तेव्हा प्रयोगशाळेत बनवलेले रसायन होते, ते शरीरात असते हे कोणी दाखवले नव्हते. शरीरात नसलेली गोष्ट नसेतून कशी बाहेर पडेल? माझ्या मते त्यांची सावधगिरी समजण्यासारखी होती. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये ते शोधून दाखवले. त्यानंतर अधिवृक्काच्या गाभ्यातही दोन्ही रसायने असल्याचे सिद्ध झाले. माणसात तिथून साधारण ८० टक्के अ‍ॅड्रिनॅलिन आणि २० टक्के नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुटते. तो जास्तीचा मिथाइल गट चिकटवणाऱ्या एन्झाइमला ग्रंथीच्या सालीतून येणारे कॉर्टिसॉल लागते, आणि गाभा सालीतच गुरफटलेला असल्याने त्याला ते भरपूर मिळते. नसांना ते मिळत नाही, म्हणून त्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनवरच थांबतात.

डेल यांची दुसरी अडचण मला अधिक विचित्र वाटते. रिसेप्टरची कल्पना मांडणारे दोघे, लँग्ली आणि एर्लिश, हे दोघेही त्यांचे गुरू. तरीही डेल यांना ही कल्पना फारशी पटली नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला नाव दिले म्हणजे तिचे स्पष्टीकरण झाले असे होत नाही, असा त्यांचा कल. म्हणून मांजराचा उतार त्यांनी अचूक नोंदवला, पण त्याचे कारण ‘आवळणाऱ्या आणि सोडणाऱ्या जोडण्या’ यापुढे नेले नाही. ते पुढे नेले अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या रेमंड अहलक्विस्ट यांनी, १९४८ मध्ये. त्यांनी सहा रसायनांची प्रत्येक अवयवावरची ताकद मोजून क्रमवारी लावली. आवळणाऱ्या परिणामांत क्रम एक निघाला. हृदयाच्या उत्तेजनात आणि वाहिन्या सैल होण्यात वेगळाच क्रम निघाला, जवळजवळ उलटा. रसायने तीच आणि क्रम दोन, म्हणजे रिसेप्टर दोन. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा म्हटले. पहिल्या नियतकालिकाने तो निबंध परत पाठवला होता, आणि छापून आल्यावरही कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. जेम्स ब्लॅक यांनी पाहिले. हृदयशूळाच्या रुग्णांत हृदयाची प्राणवायूची मागणी कमी करायची म्हणून ते फक्त बीटा बंद करणारे रसायन शोधत होते. १९६४ मध्ये प्रोप्रानोलॉल आले.

अल्फा बंद करण्याचे काम आपल्याकडे महाडमध्ये फार मोलाचे ठरले. कोकणात लाल विंचू चावल्यावर मुले दगावत. विंचवाचे विष नसांच्या टोकांतले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवते, नसा थांबतच नाहीत, आणि अंगात याच दोन रसायनांचे वादळ उठते. मुलाचे हातपाय थंडगार पडतात, घाम सुटतो, दाब चढतो, आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध झुंजून हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या मुलांना प्राझोसिन देऊन दाखवले की अल्फा वेळेत बंद केले तर हृदय वाचते. डेल यांच्या मांजराच्या अंगात अरगटने केले होते, तेच काम. हातपाय गरम होऊ लागले की औषध पोहोचले असे समजायचे. या गोळीने वेदना थांबत नाहीत आणि विष उतरत नाही, त्यामुळे प्रतिविषाची जागा ती घेत नाही. वेदना खूप पण अंग गरम, अशा मुलाला तिची गरज नसते.

डेल यांनी १९१४ मध्ये वेलकम सोडले आणि ते सरकारी संशोधनात गेले. हॅम्पस्टेडच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने बर्लिनमधून हाकललेले व्हिल्हेल्म फेल्डबर्ग त्यांच्याकडे आसऱ्याला आले. अधिवृक्काच्या गाभ्याला हुकूम देणारी नस असेटिलकोलीन हे रसायन सोडते, हे फेल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याच सुमारास दाखवले. नसा एकमेकींशी रसायनांनी बोलतात हे सिद्ध केल्याबद्दल १९३६ चे नोबेल डेल आणि त्यांचे जुने मित्र ऑटो लोवी यांना विभागून मिळाले. लोवी ज्यू होते. दोन वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर त्यांना अटक झाली, आणि पारितोषिकाची रक्कम हवाली केल्यावरच त्यांना देश सोडता आला.

१९५३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, डेल यांनी आपले निवडक जुने निबंध एकत्र छापले आणि प्रत्येकाखाली आजच्या नजरेने टिपण जोडले. १९१० च्या निबंधाखाली त्यांनी सरळ लिहिले की सत्याच्या इतक्या जवळ सरपटत जाऊनही आपण उडी मारली नाही, आणि जवळ गेल्याचे श्रेय घेण्यात अर्थ नाही. त्यानंतर ते पंधरा वर्षे जगले. प्रोप्रानोलॉल बाजारात आलेले त्यांच्या हयातीत घडले, आणि बीटाचे बीटा-१ व बीटा-२ असे दोन भाग पाडणारा निबंध १९६७ मध्ये निघाला तेव्हाही ते हयात होते. २३ जुलै १९६८ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले.